पारशी समाज किती आणि कोण? तीन साक्षीदारांची उलटतपासणी



पारशी समाजाची लोकसंख्या घटत चालली आहे, ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली आहे. ती का घटते, असे विचारले तर उत्तरही तयार असते. मुली समाजाबाहेर लग्ने करतात आणि तरुण मंडळी परदेशी जातात, हे ते उत्तर. पारशी शेजाऱ्याला विचारा, बहुधा हेच ऐकायला मिळेल. हे उत्तर खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तयार उत्तराचा थोडा संशय यावा लागतो. आज आपण हे उत्तर तीन साक्षीदारांपुढे ठेवून तपासणार आहोत. पहिला साक्षीदार म्हणजे जुने दफ्तर : मृत्यूच्या नोंदी, लग्नाच्या नोंदी, कोर्टाचे निवाडे. दुसरा म्हणजे मोजणी, मग ती सरकारी खानेसुमारी असो की घरोघर फिरून केलेली पाहणी. तिसरा साक्षीदार म्हणजे माणूस, समोर बसवून ज्याला विचारता येते तो. हे तिघे एकच गोष्ट सांगू लागले तर आपण सुटलो. पण तसे क्वचितच होते, आणि खरे शिकायला मिळते ते त्यांचे जेथे पटत नाही तेथे.

प्रथम मोजणीची साक्ष घेऊ. १८८१ च्या खानेसुमारीत पारशी होते ८५,३९७. त्यानंतर आकडा हळूहळू चढत गेला आणि १९४१ साली १,१४,८९० वर पोचला. १९५१ मध्ये तो १,११,७९१ झाला आणि पुढे उतरणच लागली. १९७१ साली ९१,२६६ आणि २०११ साली ५७,२६४. म्हणजे सत्तर वर्षांत समाज निम्मा झाला.

या ओळीकडे पाहून कोणीही म्हणेल, की शिखर १९४१ चे, तेव्हा घसरणीचे कारण १९४१ नंतरच्या काळात शोधावे. येथेच पहिली ठेच लागते. १९४१ चा आकडा अखंड हिंदुस्थानचा आहे आणि त्यात कराची आहे. कराचीत त्या वेळी काही हजार पारशी राहत होते, व्यापारउदीम करीत होते. १९५१ ची मोजणी फाळणीनंतरच्या भारताची आहे. या दहा वर्षांतली घट अवघी ३,०९९ ची. कराचीची माणसे परत मिळवली तर ती घट जवळपास विरून जाते. माणसे मेली नव्हती की कोठे गेली नव्हती, सरहद्द मात्र त्यांच्या घरांवरून सरकली होती. आकड्यांच्या दोन ओळी एकाखाली एक छापल्या म्हणजे त्या एकाच प्रदेशाच्या असतात असे आपण गृहीत धरतो. छापखान्याला फाळणी दिसत नाही.

दुसरी ठेच अधिक मौजेची आहे. १९७१ मध्ये ९१,२६६ असलेला समाज १९८१ मध्ये ७१,६३० वर आला, म्हणजे दहा वर्षांत १९,६३६ माणसे कमी झाली. आणि लगेच १९९१ मध्ये तो ७६,३८२ झाला, म्हणजे ४,७५२ ने वाढला! २००१ मध्ये पुन्हा ६९,६०१. ज्या समाजात वृद्ध फार आणि पाळणे थोडे, तो मध्येच एका दशकात वाढला कसा?

आपण साधे त्रैराशिक मांडू. १९७१ ते २०११ या चाळीस वर्षांत एकूण घट ३४,००२ ची, म्हणजे वर्षाला सरासरी ८५०. ही घट एकसारखी झाली असे क्षणभर धरले, तर १९८१ साली सुमारे ८२,८००, १९९१ साली सुमारे ७४,३०० आणि २००१ साली सुमारे ६५,८०० पारशी असायला हवेत. प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहा. १९९१ आणि २००१ चे आकडे या रेषेच्या दोन-चार हजारांच्या आत बसतात. १९८१ चा आकडा मात्र रेषेच्या अकरा हजार खाली आहे. तेव्हा गूढ १९९१ च्या वाढीत नाही, ते १९८१ च्या खड्ड्यात आहे.

आता या खड्ड्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक तर ती माणसे खरोखरच गेली, मेली किंवा परदेशी स्थायिक झाली. किंवा ती येथेच होती आणि मोजली गेली नाहीत. पहिला अर्थ खरा मानला तर १९९१ साली ती परत आली असेही मानावे लागते, कारण त्या दशकात जन्म मृत्यूंहून अधिक झाले असे कोणीच म्हणत नाही. कॅनडा-अमेरिकेला गेलेली हजारो कुटुंबे एकदम परत आली, असे ना कोणी पाहिले, ना कोणाच्या आठवणीत आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञ याची आणखी एक परीक्षा घेतात, ती घरगुती हिशेबासारखी सोपी आहे. १९८१ साली जे तीस ते चौतीस वर्षांचे होते, तेच १९९१ साली चाळीस ते चव्वेचाळीसचे असणार. दहा वर्षांत या तुकडीतली माणसे मरणाने किंवा स्थलांतराने कमी होतील, वाढणार नाहीत, कारण चाळिसाव्या वर्षी कोणी नव्याने जन्माला येत नाही. तुकडीमागून तुकडी जर वाढलेली दिसली, तर आधीच्या मोजणीत गळती होती असे समजावे.

ही गळती होते कशी, हे खानेसुमारीचा तक्ता पाहिला की कळते. २००१ आणि २०११ च्या तक्त्यांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि जैन या सहा धर्मांना एकेक क्रमांक दिलेला होता. गणकाने तेवढा क्रमांक टाकायचा. बाकीच्यांनी आपल्या धर्माचे नाव सांगायचे आणि गणकाने ते अक्षरात लिहायचे. आता कोणी ‘पारशी’ म्हणतो, कोणी ‘झरथोस्ती’, तर कोणी हॉटेलवाला ‘इराणी’ म्हणतो. ही सारी नावे पुढे कचेरीत एका रकान्यात आली तर ठीक, नाही तर एकाच अगियारीत जाणारी माणसे निरनिराळ्या रकान्यांत वाटली जातात. शंभर कोटींच्या देशात पाच-दहा हजारांची चूक कोणाच्या खिजगणतीतही नसते. पण हा समाजच मुळी लाखाच्या आतला! मोठ्या समाजाच्या मोजणीत जी चूक मिठाएवढी, ती लहान समाजात अर्धी पोळी होते.

मोजणीवर अशी शंका आली की आपण दफ्तराकडे वळतो. दफ्तराच्या बाबतीत पारशी समाज भाग्यवान आहे. बमनजी बेहरामजी पटेल यांनी गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात ‘पारसी प्रकाश’ नावाचा प्रचंड गुजराती ग्रंथ सिद्ध केला. समाजात कोण वारले, कोणी काय धर्मादाय केला, कोणते मंदिर कधी बांधले, याची तारीखवार नोंद त्यात आहे. मुंबई पारशी पंचायतीकडे डोंगरवाडीवर आणलेल्या प्रेतांची नोंद राहते. आणि १८६५ च्या पारशी विवाह कायद्यापासून, लग्न लावणाऱ्या धर्मगुरूने दाखला करून सही द्यायची, वधूवर आणि दोन साक्षीदारांनी सह्या करायच्या आणि तो दाखला नोंदणीसाठी धाडायचा, अशी रीत कायद्याने बांधून दिली. पुढे १९३६ चा कायदा आला, तरी ही रीत राहिली.

कागद पाहून आपला जीव भांड्यात पडतो. पण प्रत्येक चोपडीला एक दार असते आणि त्या दाराशी एक पहारेकरी उभा असतो. डोंगरवाडीच्या चोपडीत येतो तो डोंगरवाडीवर आणलेला मृत. टोरांटोत वारलेला त्यात नाही. ज्याने दहन पत्करले तोही नाही. १९९० च्या दशकापासून गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे गिधाडे नाहीशी होत गेली, दोखम्यांची जुनी व्यवस्था अडचणीत आली, आणि २०१५ मध्ये दहन करणाऱ्या पारशांसाठी वरळीला प्रार्थनागृह सुरू झाले. तेव्हा उद्या कोणी डोंगरवाडीच्या नोंदी कमी झाल्या असे पाहून ‘मृत्यू घटले’ असा निष्कर्ष काढील, तर तो गिधाडांचा इतिहास माणसांच्या नावावर लिहीत असेल.

लग्नाच्या चोपडीचा पहारेकरी आणखी कडक आहे. पारशी विवाह कायद्याखाली लग्न लागते ते दोघेही पारशी असतील तरच. एक जण परधर्मी असला की लग्न त्या चोपडीत येत नाही. मग ते कोठे सापडावे? १९५४ पूर्वी अशा जोडप्याला १८७२ चा विशेष विवाह कायदा धरावा लागे, आणि त्या कायद्याखाली लग्न करताना पारशी मुलीला लेखी प्रतिज्ञा करावी लागे की मी पारशी धर्म मानीत नाही. १९५४ च्या नव्या कायद्याने ही अट काढली. आता विचार करा. १९४८ साली अशी प्रतिज्ञा करणारी एखादी बाई पुढे पन्नास वर्षे रोज सकाळी डोक्याला रुमाल बांधून दिवा लावीत असेल आणि अवेस्तातली प्रार्थना म्हणत असेल. कागद म्हणतो ती पारशी नाही, आणि खाली तिची स्वतःची सही आहे. खानेसुमारीवाल्याला ती स्वतः म्हणते की मी पारशी. आणि समाजाच्या दारात तिला अडवले जाते. तिन्ही साक्षी खऱ्या आहेत. कायद्याने विचारलेला प्रश्न वेगळा, गणकाने विचारलेला वेगळा आणि पंचायतीचा वेगळा.

हा पंचायतीचा प्रश्न म्हणजे पारशी कोण, हा प्रश्न, मुंबई हायकोर्टापुढे रीतसर येऊन गेलेला आहे. रतनजी दादाभाई टाटा यांची पत्नी फ्रेंच होती. तिने झरथोस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा तिला समाजाच्या धर्मादाय संस्थांचा लाभ मिळावा की नाही, यावर वाद पेटला. पेटिट विरुद्ध जीजीभाई या नावाने तो खटला गाजला. न्यायमूर्ती दिनशा दावर आणि न्यायमूर्ती बीमन यांनी १९०८ साली निकाल दिला. त्यातून जी व्याख्या रूढ झाली ती अशी : इराणातून मूळ आलेल्यांचे झरथोस्ती वंशज, नंतर इराणातून आलेले झरथोस्ती, आणि पारशी बापाची परजातीय बायकोपासून झालेली, रीतसर नवजोत झालेली मुले. या व्याख्येने जे. आर. डी. टाटा पारशी ठरतात, कारण बाप पारशी. पण पारशी आईची मुले, बाप परका असेल तर, बाहेर पडतात. व्याख्येच्या या एका वाक्याने पुढच्या शंभर वर्षांच्या आकड्यांवर काय परिणाम केला असेल, याचा हिशेब कोणत्याही चोपडीत नाही, कारण ती मुले चोपडीत आलीच नाहीत.

मग पाहणीचा मार्ग उरतो. १९८१ च्या आकड्याने समाजात खळबळ असतानाच, १९८२ साली, बृहन्मुंबईतील पारशांची एक स्वतंत्र पाहणी झाली. ती करणाऱ्या विदुषी म्हणजे मालिनी कारखानीस नव्हेत, नावांची गल्लत होते म्हणून सांगतो, तर लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक मालिनी कर्काळ. अशा पाहणीचा मोठा गुण हा की तिला हवे ते विचारता येते. खानेसुमारी ठरलेले प्रश्न विचारून पुढच्या दारी जाते. पाहणी विचारू शकते, की मुलगा कोठे असतो, लग्न झाले नसेल तर का. पण तिची मेख यादीत असते. कोणाच्या घरी जायचे याची यादी हवी, आणि लहान समाजाची यादी समाजाच्याच संस्थांकडे मिळते. पंचायतीच्या बागांतून, म्हणजे वसाहतींतून, राहणारे सहज सापडतात. दूरच्या उपनगरात एकट्या खोलीत राहणारा, किंवा समाजाशी ज्याने संबंध तोडला तो, यादीत नसतो. म्हणजे समाजाशी ज्याचे नाते घट्ट, तोच पाहणीत अधिक बोलतो. ‘आमच्यात बाहेर लग्ने किती होतात’ हा प्रश्न ज्यांनी बाहेर लग्ने केली नाहीत त्यांनाच विचारला जाण्याचा हा धोका आहे.

आता तिसरा साक्षीदार, माणूस. मुलाखत घेताना ‘समाज का घटला?’ असे कधी विचारू नये. त्याचे उत्तर माणूस वर्तमानपत्रातून देतो. त्याऐवजी घराणे विचारावे, एकेक भावंड, एकेक नाव, आणि क्रम सोडू नये. हे कसे चालते ते दाखवण्यासाठी मी एक कुटुंब कल्पितो. खरे घर नव्हे, पण त्यातली प्रत्येक रेघ खऱ्या घरांतून दिसणारी आहे.

मुंबईच्या एका पारशी जोडप्याला १९०५ ते १९२० या काळात सहा मुले झाली. एक लहानपणी गेले, पाच मोठी झाली. थोरला मुलगा नोकरीत स्थिरावल्यावर, आणि मुख्य म्हणजे राहायला जागा मिळाल्यावर, चौतिसाव्या वर्षी लग्न करता झाला. त्याला एक मुलगी. दुसरी मुलगी शिक्षिका, लग्न केले नाही. तिसरा रेल्वेत, त्यानेही केले नाही. चौथा कराचीस गेला, तेथे संसार थाटला, दोन मुले झाली. पाचव्या मुलीने १९४८ साली हिंदू सहकाऱ्याशी लग्न केले, तिला दोन मुलगे.

थोरल्याची ती एकुलती मुलगी आज आपल्याशी बोलते आहे असे समजा. ती प्रथम काय सांगते? ‘एक काका पाकिस्तानात राहिले, एक फुई बाहेर लग्न करून गेल्या, म्हणून आमचे घराणे आटले.’ तिच्या मनात सल आहे तो या दोघांचा, कारण ते गेले, त्यावरून घरात रडारड झाली, बोलणी बंद झाली. मुंबईच्या लग्नाच्या चोपडीत या घरचे एकच लग्न आहे, तिच्या वडिलांचे. खानेसुमारीत १९४१ ला पाच भावंडे, १९५१ ला चार. चौथा भाऊ जिवंत असूनही भारताच्या आकड्यातून गेला. आता क्रमाने विचारले की शिक्षिका फुई आणि रेल्वेतले काका बोलण्यात येतात. त्यांच्याविषयी ती मायेने बोलते, त्यांनीच तिला शिकवले, वाढवले. पण घराणे का आटले या प्रश्नाशी त्यांचा काही संबंध आहे असे तिला वाटत नाही.

आपण मात्र हिशेब करू. कराचीची दोन आणि बाहेर लग्न केलेल्या फुईची दोन, अशी चार मुले समाजाच्या भारतीय आकड्यातून गळली. ती जन्माला आली, फक्त दुसऱ्या चोपडीत गेली. दोन अविवाहित भावंडांनी प्रत्येकी दोन मुले वाढवली असती, आणि उशिरा लग्न केलेल्या थोरल्याला आणखी एक झाले असते, तर पाच. म्हणजे डोळ्यांत भरणाऱ्या दुःखाहून न दिसणारी तूट मोठी आहे. जे मूल जन्मलेच नाही त्याचा कागद नसतो आणि आठवणही नसते. दफ्तर आणि मुलाखत दोन्ही येथे आंधळी आहेत. ती तूट दिसते फक्त मोजणीला, वय आणि लग्न यांचे रकाने शेजारी ठेवल्यावर.

लीला विसारिया यांनी १९७४ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये १८८१ ते १९७१ या नव्वद वर्षांच्या पारशी लोकसंख्येचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून हेच चित्र निघते. जननप्रमाणाची घसरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाली होती, मुली शिकू लागल्या, लग्नाचे वय वाढत गेले, अविवाहित वाढले. मग १९४१ पर्यंत आकडा चढत कसा राहिला? कारण त्याच काळात मृत्यूही कमी होत होते, आणि पूर्वीच्या भरभराटीच्या पिढ्या अजून हयात होत्या. उतरणीचे कारण चढणीच्या काळातच रुजलेले होते, ते आकड्यात उतरायला अर्धे शतक लागले.

यामुळे आपल्या तयार उत्तराचा निकाल लावता येतो. समाजाबाहेरची लग्ने आज मुंबईत एकूण लग्नांच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी नाहीत, आणि १९०८ च्या व्याख्येमुळे त्यांतल्या मुलींची संतती आकड्याबाहेर राहते. या अर्थाने आजच्या घटीत त्यांचा वाटा आहे. पण १८९० ते १९५० च्या दरम्यान अशी लग्ने विरळा होती, आणि जननप्रमाण घसरले ते त्याच काळात. जे कारण कार्यानंतर आले ते कारण कसे म्हणावे? परदेशगमनाचेही तसेच. त्याचा खरा जोर १९६० नंतरचा. दोन्ही गोष्टींनी उतरण तीव्र केली, सुरू केली नाही.

पुढे २००१ च्या खानेसुमारीत साठीच्या वरचे पारशी शेकडा सुमारे ३१ निघाले, आणि सहा वर्षांच्या आतली मुले शेकडा पाचाच्याही आत. या दोन आकड्यांना शिरगणतीतल्या गळतीचा फारसा धक्का लागत नाही, कारण गणक दार चुकला तरी आजोबा आणि नातू यांचे परस्परांशी प्रमाण सहसा बदलत नाही. सरकारने २०१३ मध्ये ‘जियो पारसी’ योजना काढली, तिचा भर सुरुवातीला अपत्यहीन जोडप्यांच्या वैद्यकीय उपचारांवर होता. आपली कल्पित शिक्षिका फुई त्या योजनेच्या कोणत्याही रकान्यात बसली नसती. तिला कोणी विचारले असते, तर तिने कदाचित सांगितले असते की आईवडील म्हातारे होते, जागा दोन खोल्यांची होती, आणि थोरल्याचे लग्न व्हायचे होते.